निव्वळ वजन

आप्पांनी दुसरी उशी मागितली ती गणपतीत. "एका उशीवर मान अवघडते," म्हणाले. मी कपाटातली एक काढून दिली आणि विसरून गेले. दसऱ्याला तिसरी लागली. दिवाळी सरता सरता ते भिंतीला पाठ लावून, जवळजवळ बसूनच झोपायला लागले. आणि घरात आम्ही चार शिकलेली माणसं असूनही कुणाला काही सुचलं नाही.

आप्पा म्हणजे माझे सासरे. वय 78. साताऱ्यात मोती चौकापासून हाकेच्या अंतरावर आमचं किराणा मालाचं दुकान आहे. पन्नासहून अधिक वर्षं ते त्या गल्ल्यावर बसले. रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या चार भिंतींपर्यंत चढून जायचं, खाली उतरून आंघोळ, पूजा आणि आठाला दुकान, हा त्यांचा नेम पावसाळ्यातही मोडला नव्हता. त्या वर्षी मात्र पाऊस संपल्यावर ते चढावर मध्येच थांबू लागले. बरोबरच्यांना म्हणायचे, "जरा गाव बघू द्या." रात्री कोरडा खोकला यायचा, तो हवेमुळे. वहाणा घट्ट व्हायला लागल्या, त्या चामडं आवळल्यामुळे. जेवण जाईना, ते पित्तामुळे. प्रत्येक तक्रारीला आमच्याकडे वेगळं कारण तयार होतं, म्हणून सगळ्यांच्या मागे उभं असलेलं एकच कारण दिसलं नाही.

ते दिसलं मार्गशीर्षातल्या एका रात्री. अडीचच्या सुमारास आप्पा उठून खिडकीशी गेले आणि गज धरून उभे राहिले. त्यांना बोलता येत नव्हतं. श्वास घेताना छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवाजवळ दिवा लावायला धावल्या आणि आम्ही रिक्षा आणायला. दवाखान्यात प्राणवायू लावला, शिरेतून लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात त्यांचा चेहरा माणसात आला.

पाच दिवसांनी ते घरी आले तेव्हा हातात एक कार्ड होतं. आप्पा जुने मॅट्रिक. कार्डावरचे दोन इंग्रजी शब्द त्यांनी चष्मा लावून वाचले: हार्ट फेल्युअर. कार्ड घडी करून खिशात ठेवलं आणि संध्याकाळी माझ्या पतींना बोलावून दुकानाच्या कागदपत्रांची किल्ली त्यांच्या हातात दिली. 'फेल' म्हणजे नापास, नापास म्हणजे संपलं, एवढा साधा हिशेब त्यांनी मांडला होता. सोनोग्राफीसारखी जी हृदयाची तपासणी झाली, तिच्या कागदावर 30 टक्के असा आकडा होता. तोही त्यांनी आपल्या परीनं लावला होता. "रुपयातले सत्तर पैसे गेले. उरलेले तीस किती दिवस पुरायचे?"

आठवड्यानं पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांसमोर हा हिशेब काढला. डॉक्टर तरुण होते, पण घाईत नव्हते. त्यांनी आधी तो आकडा घेतला. "आप्पा, हृदय भरतं तेव्हा त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं शंभर टक्के कुणाचंच हृदय बाहेर ढकलत नाही. माझंही नाही. चांगलं हृदय एका ठोक्याला साठेक टक्के ढकलतं. तुमचं तीस ढकलतं. म्हणजे निम्मं काम चालू आहे. बंद काही पडलेलं नाही." मग कारण सांगितलं. रक्तदाब पुष्कळ वर्षांचा, त्यात साखर. आणि कार्डिओग्राममध्ये एका जुन्या झटक्याची खूण होती. तो झटका कधी येऊन गेला हे आम्हाला कळलंही नव्हतं. मधुमेही माणसाला छातीत फारसं न दुखताही झटका येऊ शकतो, हे त्या दिवशी समजलं. मला एकदम तीन वर्षांपूर्वीची, 'पित्त झालंय' म्हणून सोडा पिऊन काढलेली रात्र आठवली. आप्पांनाही आठवली असावी, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"पण मग पाणी कुठून आलं?" आप्पांनी विचारलं. दवाखान्यात दाखल होताना त्यांचं वजन साडेचौसष्ट किलो होतं आणि सुटताना साडेअठ्ठावन्न. पाच दिवसांत सहा किलो गेले आणि गेले ते सगळे मोरीत. वजनाचा माणूस, त्याला हे कोडं सुटत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "गावाच्या नळाला दाब कमी झाला की शेवटच्या घरात धार बारीक येते ना? मूत्रपिंडांचं तसंच होतं. हृदयाचा जोर कमी झाला की त्यांच्याकडे रक्त कमी दाबानं पोचतं. त्यांना काय ठाऊक की हृदय थकलंय? त्यांना वाटतं, दुष्काळ पडला. मग ती लघवीवाटे जाणारं मीठ आणि पाणी अडवून साठवायला लागतात. दुष्काळ नसतोच, त्यामुळे साठलेलं पाणी आधी पायांत उतरतं आणि मग फुप्फुसांत चढतं. आडवं झालं की पायांतलं पाणी परत रक्तात येतं, थकलेल्या हृदयाला ते पेलत नाही आणि दम लागतो. तुम्ही उशा वाढवत होतात ते मानेसाठी नव्हे, श्वासासाठी."

त्या वाक्यानं मला चटका बसला. आप्पा मात्र गप्प होते. घरी परतताना रिक्षात एवढंच म्हणाले, "साडेअठ्ठावन्न हे माझं निव्वळ वजन. वरचे सहा किलो बारदान होतं."

किराणा दुकानात न बसलेल्यांसाठी सांगते. पोत्यासकट मालाचं वजन करतात, त्यातून रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा केलं की उरतं ते निव्वळ. डॉक्टर ज्याला कोरडं वजन म्हणत होते, त्याला आप्पांनी आपल्या धंद्यातला शब्द शोधला होता. आजार समजण्याची त्यांची सुरुवात तिथून झाली.

सुरुवातच, कारण पुढचा महिना कठीण गेला. पायांची सूज उतरली, रात्रीची झोप लागू लागली आणि त्यांना वाटलं, आपण बरे झालो. पुडीतल्या गोळ्या संपल्या की औषध बंद, अशी त्यांची समजूत. त्यांतली एक लघवीची. ती घेतली की दोन-तीन तास घराबाहेर पडता येत नसे, म्हणून दुकानात जायच्या दिवशी ते ती गुपचूप टाळत. दुसरी नाडी संथ करणारी. ती सुरू झाल्यावर थोडे दिवस जास्तच गळाल्यासारखं वाटलं. "दमलेल्या बैलाला चाबूक मारायचा सोडून हे त्याला आणखी हळू चालवतायत," ही त्यांची तक्रार. गंमत म्हणजे पूर्वी डॉक्टर मंडळींनाही असंच वाटायचं आणि अशा रुग्णांना ते ही गोळी द्यायला कचरत. 1999 साली मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष आले आणि उलटं सिद्ध झालं. थकलेलं हृदय जोर करून धावतं, त्यानंच ते आणखी झिजतं. त्याला संथ चालवलं तर ते जास्त टिकतं. मात्र ही गोळी अगदी थोड्या प्रमाणात सुरू करून काही आठवड्यांच्या टप्प्यांनी वाढवायची असते. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "मग बैलाला विश्रांती देताय म्हणा की." त्यानंतर गोळी चुकली नाही. लघवीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून दुकानातून परतल्यानंतरची ठेवली आणि तीही टाळायची थांबली.

मिठाचं प्रकरण मात्र औषधांसारखं सुटेना. दिवसभरात सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम, एवढीच मुभा होती. 'वरून घेत नाही' म्हणजे झालं, असं आम्हाला वाटे. पण मीठ ताटाच्या डाव्या बाजूलाही असतं. लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, मिरगुंडं, दुकानातलं फरसाण, सगळ्यांत ते आधीच जाऊन बसलेलं. मग मी सकाळीच आप्पांच्या वाटणीचा चमचाभर वाटीत काढून ठेवू लागले. आमटी-भाजी बिनमिठाची शिजवायची, त्यांची वाटी बाजूला काढायची, त्या चमच्यातलं घालायचं आणि मग बाकीच्यांची. भाकरी आणि भात बिनमिठाचे. लिंबू, आमसूल, जिरं, आलं, कोथिंबीर यांनी तोंडाला चव राहते, हे दोन-तीन आठवड्यांनी पटलं; जीभ तेवढा वेळ घेते. माईंनी आपली लिंबाच्या लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. "ह्यांच्यासमोर मी कशी खाऊ?" एवढंच म्हणाल्या.

कुणी सांगितलं, सैंधव चालतं. आप्पांनी ते पन्नास वर्षं विकलेलं. ते म्हणाले, "खारट लागतं ना, मग ते मीठच." आणि ते बरोबर होतं. दुसऱ्या कुणी 'कमी सोडियमचं' म्हणून पाकीट आणलं. सुदैवानं मी ते डॉक्टरांना दाखवलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि आप्पांच्या दोन गोळ्या अशा, की ज्यांनी रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. पाकीट परत गेलं. पाणीही मोजून होतं. प्रत्येक रुग्णाला तशी गरज नसते, पण आप्पांना दीड लिटर सांगितलं होतं, चहा, ताक आणि आमटी धरून. एक तांब्या त्यासाठी वेगळा ठेवला.

या सगळ्याहून मोठा बदल केला तो वजनकाट्यानं. डॉक्टरांचा नियम साधा होता. सकाळी उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत रोज वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. एक-दोन दिवसांत किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर दम लागायची वाट न बघता कळवायचं. पाणी अंगात साठतं तेव्हा काट्याला ते आधी कळतं. माणसाला कळेपर्यंत काही दिवस जातात. आप्पांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक चोपडी काढली आणि खतावणी लिहावी तसं रोजचं वजन मांडू लागले.

माघात त्यांचा गुडघा दुखावला. शेजारच्या एका सद्गृहस्थानं आपल्याकडच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. साध्याच, औषधाच्या दुकानात कुठेही मिळणाऱ्या. गुडघा थांबला. चोपडी मात्र बोलू लागली. सोमवारी 58.6, मंगळवारी 58.9, बुधवारी 59.7. गुरुवारी 60.4. आप्पा काट्यावरून उतरले आणि म्हणाले, "काटा बिघडला." मग त्यांनी काय करावं? दुकानातून शिक्का मारलेलं दहा किलोचं वजन मागवलं आणि ते काट्यावर ठेवलं. काटा बरोबर दहावर थांबला.

ते स्टुलावर बसले. धोतर वर करून त्यांनी नडगीच्या हाडावर अंगठा दाबला, तोंडानं पाच मोजले आणि अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला. "सूनबाई," ते म्हणाले, "काटा खोटा नाही. मीच आहे बारदानासकट." त्या सकाळी त्यांना दम लागलेला नव्हता. खोकला नव्हता. एका उशीवर झोप लागली होती. तरी त्यांनी स्वतः फोन लावायला सांगितलं. मला वाटतं, आपला आजार त्यांना खऱ्या अर्थानं त्या क्षणी समजला. बरं वाटणं आणि बरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दहा किलोच्या लोखंडानं पटवलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नवीन काही औषध घेतलंत का?" गुडघ्याच्या त्या गोळ्यांनी मूत्रपिंडं मीठ-पाणी आणखी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा परिणामही कमी होतो. त्या बंद झाल्या, गुडघ्याला शेक आणि साधी तापाची गोळी आली, लघवीची गोळी तीन दिवस त्यांच्या सांगण्याप्रमाणे वाढवली. सोमवारी चोपडीत 58.7 लागलं. रिक्षा नाही, प्राणवायू नाही.

काटा दुसऱ्या बाजूलाही झुकतो, हे वैशाखात कळलं. आप्पांना जुलाब लागले. दोन दिवसांत वजन 56.9 वर आलं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. आता पाणी जास्त नव्हतं, कमी होतं. आणि गोळ्या तर पाणी काढतच होत्या. डॉक्टरांनी दोन-तीन गोळ्या दोन दिवस थांबवल्या, पाणी वाढवलं, रक्त तपासून मग पुन्हा सुरू केल्या. अशा वेळी आपल्या मनानं गोळ्या थांबवायच्या नाहीत आणि रेटूनही घ्यायच्या नाहीत. विचारायचं.

राहता राहिल्या चार भिंती. आप्पांनी दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वळणावर थांबले, दुसऱ्यांदा त्याच्याही आधी. डॉक्टरांनी चालू नका असं कधीच म्हटलं नव्हतं. उलट रोज चाला, म्हणाले होते. फक्त चालताना बरोबरच्याशी सलग बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. चढावर वाक्य तुटत होतं. मग त्यांनी सपाटीचा रस्ता धरला, घरापासून राजवाड्यापर्यंत आणि परत, मध्ये एका ओळखीच्या दुकानाची पायरी विसाव्याला. आंघोळ स्टुलावर बसून आणि तिच्यानंतर पंधरा मिनिटं काही नाही. जेवल्यावर लगेच जिना नाही. दुकान सकाळी दोन तास, तेही गल्ल्यावर. पोतं उचलायचं नाही. नातवाला कडेवर घ्यायचं नाही, हे मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. तो आला की आधीच खाली सतरंजीवर बसतात.

"ताकदीचासुद्धा रोजचा गल्ला असतो," एकदा म्हणाले. "सकाळीच उधळला तर संध्याकाळी उधारी मागावी लागते. आणि इथे उधारी मिळत नाही."

जुलैमध्ये पुन्हा तपासणी झाली. 30 चे 38 झाले होते. औषधांनी काही जणांचं हृदय असं थोडं सावरतं. आप्पांनी त्या दिवशी, इतके महिने पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "डॉक्टर, हे पुरतं बरं होणार का?" डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "पुरतं नाही. सांभाळता येईल. किती वर्षं, हे मी सांगू शकत नाही. औषधं सोडली तर मात्र नक्की बिघडेल, एवढं सांगतो." आप्पांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाले, "सरळ बोलला. बरं वाटलं." दुकानाच्या कागदपत्रांची किल्ली त्यांनी परत मागितली नाही. मला वाटलं होतं, मागतील.

यंदाच्या गणपतीतली गोष्ट. गल्ल्यावर आप्पा, मी शेजारी यादी काढत होते. आमचं एक जुनं गिऱ्हाईक, साठीच्या पुढचे, खोबरं-गूळ घ्यायला आले आणि पायरीवर टेकले. दोन पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. "वय झालं," ते हसून म्हणाले. आप्पा हसले नाहीत. गल्ल्यावरून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले, त्यांच्या पायजम्याचा काठ वर केला आणि नडगीवर अंगठा दाबला. तोंडानं पाच मोजले. अंगठा उचलला. खळगा राहिला.

"रात्री उशा किती घेता?" आप्पांनी विचारलं.

"तीन. का हो?"

"गूळ-खोबरं संध्याकाळी घरपोच येईल," आप्पा म्हणाले. "तुम्ही आत्ता डॉक्टरकडे जा. सण झाल्यावर नको, आत्ता." आणि मला म्हणाले, "सूनबाई, रिक्षा बघ."